वाळवणीचं प्रोसेस खातं जुळत नाही, किलोचा खर्च दर लॉटला उडतो: घट नेमकी कुठे टाकायची?

नंदुरबारच्या मिरची पथारीवर हंगामात हमखास येणारी तक्रार अशी असते. ओली मिरची त्याच भावाने घेतली, मजुरीही तीच, तरी एका लॉटची सुकी मिरची किलोला दीडशेला पडली आणि पुढच्या लॉटची एकशे सत्तावन्नला. खातं लिहिणारा म्हणतो घट जास्त आली, पथारीवाला म्हणतो घट तर दरवर्षी येतेच. दुसरी तक्रार वर्षअखेरीस निघते: नॉर्मल लॉसच्या खात्यात हजार-दीड हजार शिल्लक राहतात आणि ते कशाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

दोन्हींचं मूळ एकच आहे. धरलेली घट आणि न धरलेली घट एकाच खात्यात मिसळली गेली आहे. धरलेली घट म्हणजे नॉर्मल लॉस. काम नीट झालं तरी ती होणारच. ओल्या मिरचीतलं पाणी उडणारच, देठ निघणारच. तिचा खर्च उरलेल्या चांगल्या मालाने सोसायचा असतो. न धरलेली घट म्हणजे ॲबनॉर्मल लॉस: अवकाळी पाऊस, चोरी, आग, निष्काळजीपणा. तिचा खर्च चांगल्या मालावर चढवायचा नाही. तो प्रोसेस खात्यातून काढून कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात न्यायचा. एवढं बहुतेकांना पाठ असतं. चुका होतात त्या आकडे मांडताना, म्हणून एकच लॉट घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

आधी धरलेली घट बरोबर काढा

लॉट असा आहे. २०,००० किलो ओली लाल मिरची, भाव ₹४०, म्हणजे ₹८,००,०००. पसरवणं, फिरवणं, गोळा करणं याची मजुरी ₹७०,००० आणि पथारीचं भाडं, ताडपत्री वगैरे ₹३०,०००. पहिल्या प्रक्रियेचा एकूण खर्च ₹९,००,०००. ओल्या मिरचीत ओलावा ७३ टक्के आहे आणि गोणीत भरताना तो १० टक्क्यांवर आणायचा आहे.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. ७३ मधून १० वजा करून घट ६३ टक्के धरली जाते. हे चूक आहे, कारण पहिला टक्का ओल्या मिरचीच्या वजनावर आहे आणि दुसरा सुक्या मिरचीच्या वजनावर. दोन वेगळ्या वजनांवरचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. वाळताना न बदलणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे मिरचीतला कोरडा भाग. हिशोब त्याच्यावरून करायचा.

```
कोरडा भाग        = २०,००० × २७%   = ५,४०० किलो
अपेक्षित सुका माल = ५,४०० ÷ ०.९०   = ६,००० किलो
धरलेली घट        = २०,००० − ६,००० = १४,००० किलो (७०%)
```

६३ टक्के धरले असते तर अपेक्षित माल ७,४०० किलो आला असता, आणि कधीच न मिळणारा १,४०० किलो माल दर लॉटला ॲबनॉर्मल लॉस म्हणून दिसत राहिला असता. वाळवणीच्या खात्यात प्रत्येक लॉटला, एकही न चुकता, मोठा ॲबनॉर्मल लॉस येत असेल तर पावसाला दोष देण्याआधी हा टक्का तपासा. पाऊस दर लॉटला येत नाही. चुकीचा टक्का मात्र दर लॉटला तेवढाच राहतो.

पहिली प्रक्रिया: वाळवणी

माल गोणीत भरण्याच्या बेतात असताना पाऊस आला. ताडपत्री वेळेत पडली नाही. शेवटी चांगला सुका माल भरला ५,७०० किलो. ३०० किलो मिरची पांढरी पडली. ती वेगळी काढली आणि किलोला ₹३० ने ₹९,००० ला विकली. (बुरशी धरलेली मिरची खाण्यासाठी विकायची नसते. माल तसा असेल तर वसुली शून्य धरून पुढचा हिशोब करा.)

आता किलोचा खर्च काढताना कशाने भागायचं? ५,७०० ने नाही. ६,००० ने. कारण धरलेली घट वजा करून जेवढा माल यायला हवा होता, त्या प्रत्येक किलोला सारखाच खर्च आला आहे. पावसात गेलेल्या ३०० किलोलाही तेवढाच आला. चांगल्या मालाची मजुरी पावसामुळे वाढलेली नाही.

```
किलोचा खर्च = (एकूण खर्च − धरलेल्या घटीची भंगार किंमत)
              ÷ (घातलेला माल − धरलेली घट)
            = (९,००,००० − ०) ÷ (२०,००० − १४,०००) = ₹१५०
```

उडालेल्या पाण्याला काही किंमत येत नाही, म्हणून भंगार शून्य. नॉर्मल लॉसची नोंद प्रोसेस खात्याच्या जमा बाजूला होईल, पण फक्त किलोच्या रकान्यात: १४,००० किलो, रक्कम काही नाही. ही ओळ रक्कम नाही म्हणून गाळली की किलोचा रकाना जुळत नाही आणि शोधाशोध सुरू होते.

ॲबनॉर्मल लॉस ३०० किलो, ₹१५० दराने ₹४५,०००. चांगला माल ५,७०० किलो, त्याच ₹१५० ने ₹८,५५,०००. तो दुसऱ्या प्रक्रियेत जातो. १४,००० अधिक ३०० अधिक ५,७०० म्हणजे २०,००० किलो. रक्कम ४५,००० अधिक ८,५५,००० म्हणजे ९,००,०००. दोन्ही रकाने जुळले.

नोंदी अशा पडतात. ॲबनॉर्मल लॉस खातं नावे ₹४५,०००, पहिलं प्रोसेस खातं जमा. मग बँक नावे ₹९,०००, ॲबनॉर्मल लॉस खातं जमा. हे पांढऱ्या मिरचीचे आलेले पैसे. उरले ₹३६,०००, ते कॉस्टिंग नफा-तोटा खात्याला नावे टाकून ॲबनॉर्मल लॉस खातं बंद करायचं. विमा असेल आणि दावा मंजूर झाला तर ती रक्कमही याच ॲबनॉर्मल लॉस खात्यात जमा होते. प्रोसेस खात्यात जमा केली तर पुढच्या लॉटची मिरची फुकट स्वस्त दिसते.

इथे एक चूक इतकी पसरलेली आहे की तिच्यावर थांबायला हवं. पांढरी मिरची ₹३० ने विकली ना, मग ॲबनॉर्मल लॉसही ₹३० नेच धरायचा, असं समजून प्रोसेस खात्याला फक्त ₹९,००० जमा दिले जातात. मग उरलेले ₹८,९१,००० पाच हजार सातशेवर पडतात आणि किलो ₹१५६.३२ ला जातो. पावसाचा सगळा तोटा गुपचूप चांगल्या मिरचीच्या किमतीत शिरला. भंगार दराने भाव लावायचा तो फक्त धरलेल्या घटीला. न धरलेल्या घटीला चांगल्या मालाचाच दर लागतो. भंगाराचे पैसे तिच्या खात्यात नंतर, वसुली म्हणून येतात.

लक्षण ओळखायला सोपं आहे: प्रोसेस खात्यातल्या ॲबनॉर्मल लॉसची रक्कम भागिले किलो करून पाहा. आलेला दर आणि पुढे पाठवलेल्या चांगल्या मालाचा दर पैशापर्यंत सारखा यायला हवा. वेगळा आला तर खातं जुळलेलं असलं तरी चुकलेलं आहे.

नुकसान कधी झालं यानेही थोडा फरक पडतो. वरच्या उदाहरणात पाऊस शेवटी आला, म्हणून त्या ३०० किलोवर सगळी मजुरी झालेली होती. तोच पाऊस पहिल्याच दिवशी, माल पसरण्याआधी आला असता आणि १,००० किलो ओली मिरची सडली असती (वाळून तिचे ३०० किलोच झाले असते), तर तिच्यावर मजुरी लागलेलीच नव्हती. तेव्हा नुकसान फक्त मालाचं, ₹४०,००० धरायचं. उरलेले ₹५,००० मजुरी व इतर खर्चाचे, ते चांगल्या मालाकडेच राहतात आणि किलो ₹१५०.८८ पडतो. एक सावधगिरी यात घ्यावीच लागते. रजिस्टरला ‘१,००० किलो सडली’ असं ओल्या वजनात लिहिलेलं असतं आणि प्रोसेस खातं सुक्या किलोवर चाललेलं असतं. ते हजार तसेच उचलून ₹१५० ने गुणले की दीड लाखाचा तोटा कागदावर तयार होतो. रजिस्टरमध्ये वजनाशेजारी ओलं की सुकं हे लिहायची सवय लावा.

दुसरी प्रक्रिया: देठ काढणी आणि निवड

५,७०० किलो मिरची ₹८,५५,००० किमतीने आत आली. देठ काढणं आणि निवड, मजुरी व इतर खर्च मिळून किलोला साडेनऊ रुपये, म्हणजे ₹५४,१५०. धरलेली घट १० टक्के: देठ, काडीकचरा, तुटलेल्या मिरच्या. तो माल किलोला ₹२० ने जातो.

टक्का कशावर, हे इथे स्पष्ट हवं. धरलेली घट आत घातलेल्या मालावर काढायची, बाहेर आलेल्यावर नाही. आणि आत घातलेला माल म्हणजे पहिल्या प्रक्रियेतून खरंच आलेले ५,७०० किलो. तिथे यायला हवे होते ते ६,००० इथे आणायचे नाहीत. पावसात गेलेल्या तीनशे किलोचा निकाल मागच्या खात्यात लागलेला आहे.

घट ५७० किलो, भंगार किंमत ₹११,४००. अपेक्षित माल ५,१३० किलो.

```
(८,५५,००० + ५४,१५० − ११,४००) ÷ ५,१३० = ₹१७५
```

या लॉटला प्रत्यक्षात माल आला ५,२०० किलो. म्हणजे ७० किलो जास्त. देठ-कचरा ५७० ऐवजी ५०० किलोच निघाला. याला ॲबनॉर्मल गेन म्हणतात आणि वर्षअखेरीस नॉर्मल लॉसच्या खात्यात अडकणाऱ्या रकमेचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी प्रोसेस खातं पाहू.

| नावे | किलो | ₹ | जमा | किलो | ₹ |
|---|---|---|---|---|---|
| पहिल्या प्रक्रियेतून | ५,७०० | ८,५५,००० | नॉर्मल लॉस | ५७० | ११,४०० |
| मजुरी व इतर | – | ५४,१५० | तयार माल (₹१७५) | ५,२०० | ९,१०,००० |
| ॲबनॉर्मल गेन (₹१७५) | ७० | १२,२५० | | | |
| एकूण | ५,७७० | ९,२१,४०० | एकूण | ५,७७० | ९,२१,४०० |

नॉर्मल लॉस ५७० किलोच लिहायचा, प्रत्यक्ष निघालेले ५०० नाही. धरलेली घट हा नियमाचा आकडा आहे. प्रत्यक्ष काय झालं ते ॲबनॉर्मल लॉस किंवा गेन सांगतं. ५०० लिहिले की गेन नाहीसा होतो आणि किलोचा खर्च पुन्हा हलायला लागतो.

आता अडकलेली रक्कम. नॉर्मल लॉस खात्याच्या नावे ₹११,४०० पडले, पण देठ विकून आले फक्त ₹१०,०००, कारण विकायला ५०० किलोच होते. शिल्लक ₹१,४००. ही रक्कम कुठेही हरवलेली नाही. ७० किलो जास्त चांगला माल मिळाला, म्हणजे ७० किलो देठ कमी मिळाला, आणि त्या देठाचे ७० गुणिले २० असे १,४०० रुपये हुकले. म्हणून हे ₹१,४०० गेनमधूनच वजा व्हायला हवेत. नोंद: ॲबनॉर्मल गेन खातं नावे ₹१,४००, नॉर्मल लॉस खातं जमा. नॉर्मल लॉस खातं शून्यावर आलं. गेन खात्यात जमा ₹१२,२५०, त्यातून १,४०० गेले, उरलेले ₹१०,८५० कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात जमा.

शिल्लक जुळत नसेल तर आधी एवढंच करून पाहा: ती शिल्लक भंगाराच्या दराने भागा. उत्तर गेनच्या किलोएवढं आलं तर फक्त ही एक नोंद राहिलेली आहे. तसं आलं नाही तर देठ ठरल्या दराने विकला गेलेला नाही. समजा २० ऐवजी १८ ने गेला. मग ₹९,००० आले आणि गेनचे १,४०० वळवूनही ₹१,००० उरतात. हा भावातला फरक आहे, घटीचा नाही. तो कॉस्टिंग नफा-तोट्याला न्या आणि पुढच्या लॉटपासून भंगाराचा दर सुधारा. भाव कायमचाच उतरलेला असताना जुना २० चा दर खात्यात तसाच ठेवला तर प्रत्येक लॉटला मिरची थोडी स्वस्त दाखवली जाते.

मिसळून टाकलं तर नेमका किती फरक पडतो

घट वेगळी न करता सगळा खर्च घेतला, आलेलं भंगार वजा केलं आणि हाती आलेल्या मालाने भागलं तर काय होतं? ₹८,९१,००० अधिक ५४,१५०, वजा १०,०००, म्हणजे ₹९,३५,१५०. भागिले ५,२००, किलोला ₹१७९.८४. बरोबर पद्धतीने ₹१७५ आले होते. एकूण फरक ₹२५,१५०. तो आकडा तपासून पाहा: पावसाचा निव्वळ तोटा ३६,००० वजा निवडीतला निव्वळ फायदा १०,८५०, बरोबर २५,१५०. दोन लॉटच्या खर्चात असा फरक दिसला की या पद्धतीने त्याचे तुकडे करता येतात, आणि कोणता तुकडा कोणत्या प्रक्रियेत पडला हेही कळतं.

सगळा माल त्याच वर्षी विकला गेला तर शेवटचा नफा दोन्ही पद्धतींनी सारखाच येतो, म्हणून ‘काय फरक पडतो’ असं म्हणणारे भेटतात. फरक पडतो तो ३१ मार्चला माल गोदामात असतो तेव्हा. आणि मिरचीच्या धंद्यात तो असतोच, बराचसा शीतगृहात असतो. अर्धा लॉट, २,६०० किलो, शिल्लक राहिला तर साठ्याची किंमत ₹१२,५७५ ने फुगते. पावसात गेलेला पैसा मालमत्ता म्हणून ताळेबंदात बसतो. लेखामानक २ मध्ये साठ्याच्या मूल्यांकनाचा नियम याबाबत स्पष्ट आहे: वाया गेलेला माल, मजुरी आणि उत्पादनखर्च यांतला असामान्य भाग साठ्याच्या किमतीत धरायचा नाही, तो त्याच वर्षाचा खर्च. जीएसटीकडेही लक्ष असू द्या. नष्ट झालेल्या किंवा खात्यातून कमी केलेल्या मालावर इनपुट क्रेडिट घेतलेलं असेल तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) ने ते रोखलेलं आहे. म्हणून ॲबनॉर्मल लॉसची नोंद करतानाच कर सल्लागाराला कळवलेलं बरं.

टक्का मागाहून वाढवू नका

एक युक्ती सर्रास होते. लॉट संपल्यावर १४,३०० किलो गेलेले दिसतात, म्हणून धरलेली घटच ७१.५ टक्के केली जाते. खातं क्षणात जुळतं, ॲबनॉर्मल लॉस शून्य येतो, पांढऱ्या मिरचीचे ₹९,००० वजा न करता किलो ₹१५७.८९ ला पडतो. ताडपत्री वेळेवर का पडली नाही हा प्रश्न मग कोणी विचारत नाही, कारण कागदावर काही घडलेलंच नाही. पुढच्या वर्षी ७१.५ हाच नियम होतो आणि त्यावर पुन्हा पावसाची घट चढते.

टक्का हंगामाआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मागच्या तीन-चार हंगामांचे लॉट घ्या, पण पावसात सापडलेले, चोरीचे, काटा बिघडलेले लॉट बाजूला काढा आणि मग सरासरी काढा. वाईट लॉट धरून काढलेली सरासरी म्हणजे अपघातालाच नियम करणं. ‘आपल्याकडे अवकाळी येतोच’ हा युक्तिवाद ऐकायला खरा वाटतो. पण उघड्यावर माल ठेवून ताडपत्री नसणं हे नीट चाललेलं काम नव्हे, आणि धरलेली घट फक्त नीट चाललेल्या कामाची असते. टक्का बदलायचाच असेल तर कारण मालात हवं: जात बदलली, ओलावा वेगळा आला. जात बदलल्यावर टक्का तोच ठेवणंही तितकंच चूक आहे.

हेच डोकं जळगावच्या डाळ मिलला लावताना एक मर्यादा सांभाळा. तुरीतून निघालेले खडे आणि माती ही घट. पण चुणी आणि भुसा पशुखाद्य म्हणून ठरलेल्या बाजारात जातात. ते उपउत्पादन आहे, त्याचं खातं वेगळं ठेवा. जिनिंगमधली सरकी तर घट म्हणून धरायचीच नाही. रुईसोबत निघणारा तो दुसरा माल आहे. या गोष्टी नॉर्मल लॉसमध्ये टाकल्या की घटीचा टक्का निरर्थक मोठा होतो आणि खरी ॲबनॉर्मल घट त्यात बुडते.

गेन दिसला की मीटर काढा

ॲबनॉर्मल लॉस आला की सगळे धावतात, गेन आला की कोणी पाहत नाही. वाळवणीत तर गेनवर जास्त संशय घ्यायला हवा. आपल्या लॉटचा कोरडा भाग ५,४०० किलो. तो १० ऐवजी १२ टक्के ओलाव्यावर भरला तर वजन ५,४०० भागिले ०.८८, म्हणजे ६,१३६ किलो येतं. १३६ किलो गेन, ₹१५० ने वीस हजारांवर फायदा, आणि तो सगळा पाण्याचा. पुढे गोदामात तीच मिरची काळी पडते किंवा वाळून वजनात भरत नाही, तेव्हा तो फायदा तोटा होऊन परत येतो.

उलटंही होतं. माल जास्त वाळून ८ टक्क्यांवर गेला असेल तर ५,७०० किलोत कोरडा भाग ५,२४४ किलो असतो आणि १० टक्क्यांच्या मापाने तो ५,८२७ किलो भरतो. म्हणजे पावसाचं खरं नुकसान १७३ किलोच्या आसपास. बाकीचे सव्वाशे किलो जास्त वाळवल्यामुळे गेले. तेही न धरलेलंच नुकसान आहे, प्रोसेस खात्यात दोन्हींची बेरीज ३००च राहते. पण ॲबनॉर्मल लॉसची कारणं दोन वेगळ्या ओळींत लिहा, कारण एकाचा उपाय ताडपत्री आहे आणि दुसऱ्याचा गोणी एक दिवस आधी भरणं. यासाठी प्रत्येक लॉट भरताना वेगवेगळ्या ठिकाणच्या आठ-दहा गोण्यांतून नमुना घेऊन ओलावा मोजा आणि तो वजनाशेजारी नोंदवा. आत येणारा आणि बाहेर जाणारा माल एकाच काट्यावर घ्या.

देठ काढणीतल्या ७० किलो गेनचीही अशीच परीक्षा घ्यायची. चार गोण्या उघडून पाहा. मिरचीला देठ तसेच राहिले असतील तर ते सत्तर किलो चांगला माल नाहीत, न काढलेला देठ आहे, आणि गिऱ्हाईक तो परत करणार किंवा भाव पाडणार. अशा वेळी ₹१०,८५० फायद्याला घेऊ नका. गोण्या पुन्हा निवडीला पाठवा, निघालेला देठ तोला, आणि त्यानंतर जो माल भरेल त्याच्यावरच दुसरं प्रोसेस खातं बंद करा.